जोडओळ

मोठ्या बाई निवृत्त होणार हे कळल्याबरोबर तक्रार विभागातल्या मुखडेमास्तरांनी हातातला फोन खाली ठेवला आणि जाहीर केलं, "निरोपाचं गाणं मी लिहिणार." फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे अडकलेलं होतं, पण त्या क्षणी मास्तरांना त्याचं भान राहिलं नाही.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची. मास्तरांचं काम तक्रारी घ्यायच्या, घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा आणि जवळच्या मेकॅनिकला पिटाळायचं. मुखडेमास्तर हे त्यांचं नाव अर्थातच नव्हतं. कुणी चुकून एखादं सिनेमाचं गाणं गुणगुणलं की मास्तर त्याला पकडत आणि त्याचा मुखडा कुठे संपतो, अंतरा कुठे लागतो हे समजावून सांगत, म्हणून मेकॅनिक पोरांनी हे नाव ठेवलं होतं. एकदा तर लिफ्टमध्ये अडकलेल्या एका गृहस्थाला त्यांनी मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर हीच शिकवणी दिली. गृहस्थ सुटले, पण लिफ्टपेक्षा फोनबद्दल तक्रार करून गेले.

त्या तक्रारीवर मोठ्या बाईंनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं होतं. बाई म्हणजे सगळ्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख. आवाज असा की बंद पडलेली मोटरसुद्धा विचार करून चालू व्हावी. "मास्तर, लोक आपल्याला श्वास घेण्यासाठी फोन करतात, गाणी शिकण्यासाठी नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि ती तक्रार स्वतःच्या नावावर मिटवून टाकली. मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांच्या पाळ्या बदलून दिल्या त्याही बाईंनीच, आणि कुणाला कळूही दिलं नाही. मास्तरांना यासाठी कितीदा तरी आभार मानायचे होते. पण बाईंसमोर गेलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची आणि तोंडातून भलतंच निघायचं.

भलतंच म्हणजे मुखडा आणि अंतरा. दुपारच्या चहाला बाई आपला कप घेऊन तक्रार विभागाच्या खिडकीशी उभ्या राहत आणि मास्तर बोलत सुटत.

"बघा बाई, मुखडा म्हणजे आपला तळमजला. गाणं तिथून सुरू होतं. गाण्याला जे एकच सांगायचंय ते मुखड्यात सांगून टाकायचं. मग मधे वाद्यं वाजतात, दार बंद होतं आणि गाणं वर निघतं. तो अंतरा. चाल बदलते, सूर चढतात. मुखड्यात नुसतं 'तू आवडतेस' म्हटलं असेल, तर का आवडतेस, कधीपासून, कुणी बघितलं, हा सगळा तपशील अंतऱ्यात. दुसऱ्या अंतऱ्याला चाल तीच, पण तपशील नवा. आणि दर वेळी परत तळमजला."

"म्हणजे तेच पुन्हा," बाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या.

"तेच नाही ना बाई! शब्द तेच, पण अर्थाला नवा रंग चढलेला असतो. अंतरा प्रश्न विचारतो, मुखडा उत्तर देतो. आणि खरी गंमत असते अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत. मी तिला जोडओळ म्हणतो. ती वर गेलेल्या चालीला हळूहळू खाली आणते, मुखड्याशी यमक जुळवते आणि त्याच्या दाराशी आणून सोडते. ती जमली की मुखडा आपोआप ओठावर येतो."

"हं," म्हणून बाई कप ठेवायच्या आणि जायच्या. बाईंच्या कानात यातलं काही शिरत असेल असं मास्तरांना कधीच वाटलं नाही.

निरोप समारंभाला तर बाई तयारच नव्हत्या. "माझ्या जाण्यानं कुणाला काय फरक पडणार आहे? उगाच तमाशे नकोत," असं त्यांनी कंपनीच्या साहेबांना तोडून सांगितलं होतं. मास्तर धीर करून केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी गाणं लिहिलंय." त्यावर बाई म्हणाल्या, "बरं. तुमच्यासाठी येते." त्यामुळे आता सगळी भिस्त गाण्यावर आली. जे इतकी वर्षं बोलता आलं नाही ते त्या दिवशी पोचलं नाही, तर बाई तेच मनात धरून घरी जाणार होत्या: कुणाला काय फरक पडणार आहे.

आणि गाणं खरोखरच चांगलं झालं होतं. तसं म्हणायला हरकत नाही.

'असं कुणी नाही, बाई, असं कुणी नाही,
आमच्या बाईंसारखं जगात कुणी नाही.'

हा झाला मुखडा. अंतऱ्याच्या पहिल्या तीन ओळी प्रश्नांच्या ठेवल्या होत्या आणि चौथी जोडओळ.

'चूक झाली तर कान धरून शिकवेल का कुणी?
चेहरा पडता घरची खुशाली पुसेल का कुणी?
तुम्ही निघाल्यावर दाराआडून रडेल का कुणी?
रडतील सारे, पण डोळे पुसणारं मागं नाही —'

आणि परत 'असं कुणी नाही.' परत येताना मुखड्याची पहिलीच ओळ घ्यायची, दुसरी नाही. तशीच रीत असते. मास्तरांनी घरी बायकोला म्हणून दाखवलं तेव्हा तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि पदरानं डोळे टिपले. मास्तरांचा तर ऊर भरून आला. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

गाणार होत्या बिलं करणाऱ्या ताई. आवाज गोड, पण श्वास आखूड. कीबोर्ड वाजवणार होता वायरमन. त्याला एकच पट्टी येत होती, आणि ती नेमकी ताईंना उंच पडत होती. ऑफिस सुटल्यावर सामानाच्या खोलीत, तारेच्या गुंडाळ्यांवर बसून तालीम सुरू झाली. पहिली ओळ छान, दुसरी छान, तिसरीला चाल सगळ्यात वर गेली आणि चौथीला ताईंना खोकला आला.

"मास्तर, ही चौथी ओळ मला नाही हो झेपत," ताई धापा टाकत म्हणाल्या. "तिसरीलाच माझा जीव जातो."

"पट्टी खाली घे रे जरा," मास्तर म्हणाले.

"खाली घेतली तर मला वाजवायलाच यायचं नाही," वायरमननं प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यात साहेब डोकावले. "गाणं जरा आवरतं घ्या बरं का मास्तर. भाषणं आहेत, फोटो आहेत."

आता खरं तर एखादा अंतरा गाळायचा. पण मास्तरांना तीनही अंतरे पोटच्या पोरांसारखे वाटत होते. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केली नसती. त्यांचा जीव मुखड्यावर जडला होता. तो कधी एकदा परत येतो असं त्यांना होऊन जायचं.

"मग असं करू," ते म्हणाले. "चौथी ओळ काढूनच टाकू. तिसरी झाली की वायरमन जरा टणटण करेल, तेवढ्यात तुम्ही श्वास घ्या आणि थेट मुखड्यावर या. शेवटी लोकांना मुखडाच हवा असतो!"

रोज चहाच्या वेळी जोडओळीचं कौतुक करणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं तीन जोडओळी कापल्या. म्हणतात ना, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तरीही त्यामुळे काय बिघडतंय ते कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण मुखडा सगळ्यांनी मिळून म्हणायचा असं मास्तरांच्या डोक्यात आलं. मेकॅनिक मंडळी दुपारनंतर बाहेरच्या कामावर आणि तिथूनच घरी, त्यांना संध्याकाळची तालीम कशी जमणार? म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये नुसता मुखडा घोकायची, आणि ताई संध्याकाळी नुसते अंतरे. "मी हात वर केला की मुखडा!" मास्तरांनी पोरांना बजावलं होतं. "जोरात म्हणायचा, टाळ्यांसकट. आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. गाणं मधेच थांबलं की मेलं." अंतरा आणि मुखडा जिथे भेटतात तो सांधा समारंभापर्यंत कुणी म्हणजे कुणीच ऐकला नाही.

एका माणसानं ऐकला. समारंभाच्या दिवशी सकाळी मास्तर दाढी करता करता नवं गाणं सलग गुणगुणत होते. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, त्यातलं काहीतरी गेलंय का? पायरी चुकल्यासारखं वाटतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? आटोपशीर केलंय."

"मला नाही कळत. पण परवा रडू आलं होतं, आज नाही आलं."

मास्तरांनी गालाला आणखी साबण फासला.

समारंभ वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. बाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या होत्या, हातातली पर्स मांडीवर उभी धरून, अजून कुणी काही पुढे करण्याआधी निघून जाता यावं अशा बेतानं. साहेबांचं भाषण झालं. ते इतकं लांबलं की गाण्याला जो वेळ उरला होता तो त्यांनीच खाऊन टाकला, पण गाणं तर आधीच आवरतं घेतलेलं होतं.

मास्तर एका बाजूला सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले. वायरमननं सूर धरला. ताईंनी मुखडा म्हटला, पोरांनी तो उचलला आणि खोली दणाणून गेली. 'आमच्या बाईंसारखं जगात कुणी नाही!' बाईंच्या चेहऱ्यावरची घडी किंचित सैल झाली. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना धन्य धन्य वाटलं.

पहिला अंतरा लागला. कान धरून शिकवेल का कुणी, झालं. घरची खुशाली पुसेल का कुणी, झालं. बाईंनी मान खाली घातली होती. मग ताईंचा आवाज चढला, अगदी टिपेला गेला:

'तुम्ही निघाल्यावर दाराआडून रडेल का कुणी?'

टणटण. मास्तरांचा हात सवयीनं वर गेला आणि तीसेक दणकट मेकॅनिक टाळ्या वाजवत गरजले:

"असं कुणी नाही, बाई, असं कुणी नाही!"

आत्ता, या क्षणी, मास्तरांना तो सांधा ऐकू आला. प्रश्न वरच्या मजल्यावर विचारला होता आणि उत्तर तळमजल्यावरून आलं होतं, मधे जिनाच नव्हता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची मान वर झाली होती आणि चेहऱ्यावरची घडी पुन्हा पहिल्यासारखी कडक बसली होती. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

वाद्यं वाजत होती तेवढ्यात मास्तरांनी ताईंना खुणा केल्या. चार बोटं दाखवली, म्हणजे चौथी ओळ घ्या. ताईंना वाटलं, आवाज चौपट करा. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा अंतरा दुप्पट जोमानं उचलला.

'पावलं वाजता खुर्चीमध्ये ताठेल का कुणी?
तुमच्या जागी सहज जाऊन टेकेल का कुणी?
"थांबा बाई" म्हणून तुमची वाट अडवेल का कुणी?'

इथे 'अडवतील सारे, पण तुमचा शब्द मोडणारं नाही' अशी जोडओळ होती. होती, म्हणजे सामानाच्या खोलीतल्या केराच्या डब्यात. आता मात्र मास्तरांनी ठरवलं, गाणं थांबवायचंच. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांतानं हलवले.

मास्तरांचा हात वर गेला की काय करायचं हे पोरांना पाठ होतं. आज तर दोन्ही हात वर होते.

"असं कुणी नाही! बाई! असं कुणी नाही!!"

साहेबांनी सुद्धा ताल धरला. त्यांना मुळात अर्थ लागत नसे. मास्तर धडपडत ताईंकडे गेले. "ताई, थांबा, थांबा," ते कुजबुजले. "काहीही झालं तरी थांबायचं नाही, तुम्हीच सांगितलंय," ताई तोंडावरचं हसू ढळू न देता पुटपुटल्या आणि तिसऱ्या अंतऱ्यात शिरल्या.

'तुमची शिस्त पुढेही अशी पाळेल का कुणी?
तुमचं नाव सांगून नवे घडवेल का कुणी?
फोन करून "कशा आहात?" विचारेल का कुणी?'

मास्तरांनी माईक ओढून घेतला. तिसऱ्या जोडओळीसाठी त्यांनी तोंड उघडलं आणि ती आठवेना. स्वतः लिहिलेली, स्वतः कापलेली ओळ! "करतील... करतील सारे... म्हणजे..." एवढंच माईकमधून घोगरं बाहेर पडलं. आणि माईक तोंडाशी नेताना त्यांचा कोपर, पर्यायानं हात, वर गेला होता.

"असं कुणी नाही, बाई, असं कुणी नाही!"

गाणं संपलं. टाळ्या झाल्या नाहीत. आपण काय गायलो ते हळूहळू एकेका मेकॅनिकच्या डोक्यात उतरत होतं आणि एकेक मान खाली जात होती. मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आयुष्यात एकच गोष्ट नीट सांगायची होती, आणि ती नेमकी उलटी करून, तीन वेळा, टाळ्यांसकट सांगितली होती. त्यांना बाईंकडे बघवेना. ते माईकच्या वायरीकडे बघत राहिले.

बाई उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली आणि पुढे आल्या.

"मास्तर."

"बाई, मला... माझं चुकलं. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"जोडओळ कुठाय?"

मास्तरांनी दचकून वर पाहिलं.

"रोज चहाला माझं डोकं खाता," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मोटर चालू करणारा. "चाल वर गेली की तिला खाली आणणारी ओळ लागते. ती मुखड्याच्या दाराशी आणून सोडते. तुम्हीच म्हणता ना? आज तुम्ही सोडलं नाहीत मास्तर, वरून ढकललंत. तीन वेळा. लिफ्ट अशी दुरुस्त केली असती, तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"तुम्ही ते ऐकत होतात?"

"खिडकीत काय मी हवा खायला उभी राहायचे?"

मास्तरांना आधीची लाज पुरे नव्हती की काय, ही आणखी एक. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं बाई ऐकत नाहीत. खरं तर आपण सांगितलेलं न ऐकणारा एकटाच माणूस होता, आणि तो स्वतः मास्तर.

"म्हणा आता," बाई म्हणाल्या. "ज्या काढल्यात त्या. चाल नको, नुसत्या म्हणा."

बाईंच्या चपलांकडे बघत मास्तर म्हणाले, "रडतील सारे, पण डोळे पुसणारं मागं नाही." कुणी हात वर केला नव्हता. तरी मागून एक जण हळूच म्हणाला, "असं कुणी नाही." मग दुसरा, मग सगळे, टाळ्यांशिवाय. "अडवतील सारे, पण तुमचा शब्द मोडणारं नाही." पुन्हा तेच. आणि मग, बहुधा बाईंनी आठवण करून दिल्यासारखी भुवई उंचावली म्हणून, तिसरीही आठवली: "करतील सारे, पण प्रेमानं रागावणारं नाही." या वेळी पोरांना मुखडा नीट म्हणता आला नाही. बिलवाल्या ताई उघड उघड रडत होत्या, आणि श्वास पुरत नाही हे कारण आता नव्हतं.

बाईंनी सगळ्यांचं होईपर्यंत वाट पाहिली. मग वायरमनकडे वळून म्हणाल्या, "वाजव रे. अंतऱ्याचीच चाल."

आणि त्या गायल्या. बेसूर, पण ठणठणीत.

'फोनवरती अडकल्याला गाणी शिकवेल का कुणी?
हात हलवून गाणं थांबेल असं समजेल का कुणी?
निरोपाच्या दिवशी माझा जीव काढेल का कुणी?'

टणटण. बाईंनी हात वर केला.

"असं कुणी नाही, मास्तर, असं कुणी नाही!" खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. साहेबसुद्धा हसले, या वेळी त्यांना अर्थ लागला होता.

मास्तरही हसले, पण कानाच्या पाळ्या लालच होत्या. बाईंच्या अंतऱ्याला चौथी ओळ नव्हती. मुद्दामच दिली नव्हती, हे न कळण्याइतके ते अडाणी नव्हते. शिक्षा योग्य होती. फोटो झाले, हस्तांदोलनं झाली, आणि मास्तर सगळा वेळ खुर्च्या उचलत राहिले, म्हणजे कुणाशी बोलावं लागू नये.

बाई निघाल्या तेव्हा पर्स द्यायला मास्तर लिफ्टपर्यंत गेले. ती खुर्चीवर तशीच राहिली होती. आभार मानायची ही शेवटची संधी, आणि जीभ पुन्हा टाळ्याला चिकटलेली. बाई आत गेल्या, तळमजल्याचं बटण दाबलं आणि समोर बघतच म्हणाल्या, "छळलंत खूप, पण उद्यापासून चहाला बोलणारं नाही —"

दार सरकत आलं आणि बंद झालं.

मास्तर तिथेच उभे राहिले. वर आकडे एकेक उतरत होते. तळमजल्याचा दिवा लागला तेव्हा ती बाईंच्या अंतऱ्याची राहिलेली चौथी ओळ होती हे त्यांच्या लक्षात आलं, आणि रिकाम्या पॅसेजमध्ये, ऐकायला कुणी नाही याची नीट खात्री करून घेऊन, त्यांनी अगदी हलक्या आवाजात मुखडा म्हटला.